डाय, आयोडीन आणि चोवीस तासांचा नियम

सीटी स्कॅनसाठी शिरेतून डाय दिली, की अंगावर पाजणाऱ्या आईला चोवीस तास दूध पिळून टाकायला सांगायचे, ही पद्धत गेल्या शतकात अनेक ठिकाणी रूढ झाली. कोणा बाळाला अपाय झाला म्हणून ती आली नव्हती; ती आली औषधकंपन्यांच्या माहितीपत्रकांतल्या सावधगिरीतून. निरोगी मूत्रपिंडे दिवसभरात जवळजवळ सगळी डाय लघवीवाटे बाहेर टाकतात, म्हणून चोवीस तासांचा आकडा सोयीचा ठरला. पुढे दुधातले प्रमाण मोजले गेले तेव्हा सीटीची आयोडीनयुक्त डाय एक टक्क्याहूनही कमी उतरते असे दिसले. एमआरआयच्या गॅडोलिनियमवर 2000 साली 18 आयांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिवसभरात दुधात आलेला अंश दिलेल्या मात्रेच्या 0.04 टक्क्याहून कमी निघाला. 2005 मध्ये युरोपातील मूत्रमार्ग-क्षकिरणतज्ज्ञांच्या समितीने दोन्ही प्रकारच्या डायनंतर स्तनपान थांबवण्याइतका धोका नाही असे म्हटले. अमेरिकी क्षकिरणतज्ज्ञांची संस्थाही हेच सांगते. तरी जुना निरोप अजून ऐकू येतो.

कसालमधल्या तीन महिन्यांच्या बाळाच्या आईचे उदाहरण घेऊन हिशेब मांडू. तिला पोटाच्या सीटीसाठी 100 मिलिलिटर डाय दिली, तर त्यात साधारण 30 ग्रॅम आयोडीन असते. दुधात फार तर एक टक्का, म्हणजे 300 मिलिग्रॅम येईल. बाळाचे आतडे त्यातलेही एक टक्क्याहून कमी शोषते, म्हणजे रक्तात पोचणार जेमतेम 3 मिलिग्रॅम. त्याच पाच किलोच्या बाळाचा स्कॅन करायचा झाला, तर डॉक्टर सुमारे 10 मिलिलिटर डाय, म्हणजे 3 ग्रॅम आयोडीन, थेट त्याच्या शिरेत सोडतील. दुधातून मिळते ते त्याच्या हजाराव्या भागाइतके.

इतक्या थोड्या बायकांवरून एवढा निष्कर्ष कसा काढायचा, ही शंका रास्त आहे. पण मधले अंतर हजारपटीचे आहे. एखाद्या आईच्या दुधात दहापट डाय उतरली तरी निष्कर्ष बदलत नाही. 2022 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने डाय दिलेल्या तीन वर्षांपर्यंतच्या मुलांच्या थायरॉईडवर लक्ष ठेवायला सांगितले, त्याचाही दाखला दिला जातो. ती सूचना शिरेतून थेट डाय मिळालेल्या मुलांसाठी होती. राहिला प्रश्न एका दिवसाने काय बिघडते हा. स्तन दाटतात, गाठी होतात, कधी ताप येऊन पू धरतो; बाटलीची सवय लागलेले बाळ पुन्हा छातीला लागायला कुरकुरते. हे नुकसान प्रत्यक्षातले आहे, आणि टाळला जातो तो धोका निव्वळ कागदावरचा. सगळे ऐकूनही आईचे मन धजत नसेल, तर एक दिवस थांबण्याचा निर्णय तिचा; मात्र तो हुकूम म्हणून तिच्यावर लादू नये.

किरणोत्सारी औषधांचा हिशेब वेगळा, आणि इथे हाच चोवीस तासांचा नियम उलट्या बाजूने फसवतो. बाळंतपणानंतर काही महिन्यांनी छाती धडधडते, वजन उतरते, थायरॉईड वाढलेला निघतो. ही बाळंतपणानंतरची तात्पुरती सूज आहे की ग्रेव्हजचा आजार, हे ठरवायला थायरॉईड स्कॅन सुचवला जातो. तो टेक्नेशियम 99एम वापरून केला, तर त्याचा अर्धआयुकाल सहा तासांचा. चोवीस तासांत किरणोत्सार सोळाव्या भागावर येतो, म्हणून या स्कॅननंतर 12 ते 24 तास थांबायला सांगतात. त्या वेळेत पिळलेले दूध ओतून देण्याचीही गरज नाही. फ्रीझरमध्ये ठेवले तर साठ तासांत किरणोत्सार हजाराव्या भागाखाली जातो आणि ते दूध बाळाला देता येते. अनेकदा रक्तातल्या प्रतिपिंडांच्या तपासणीवरच निदान होते आणि स्कॅन टळतो; हे आधी विचारलेले बरे.

उपचारासाठी दिले जाणारे आयोडीन 131 मात्र आठ दिवसांत जेमतेम निम्मे होते. दूध तयार करणाऱ्या पेशी आयोडीन ओढून घेतात, ते दुधातून बाळाच्या थायरॉईडमध्ये जाऊन साठते आणि ती ग्रंथी कायमची निकामी करू शकते. इथे चोवीस तास काय, चोवीस दिवसही पुरत नाहीत: त्या बाळाचे अंगावरचे दूध पूर्ण बंद करावे लागते, आणि आईच्या स्तनांना किरणोत्सार कमी लागावा म्हणून ते उपचाराच्या निदान सहा आठवडे आधी बंद करतात. पुढच्या बाळाला पाजायला हरकत नसते.

मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये 1963 पासून अणुवैद्यकाचे काम चालते, म्हणजे आपल्याकडे हे ज्ञान नवे नाही. अडते ते चिठ्ठीवर. कसालहून ओरोसला, किंवा महामार्गाने बांबोळीला निघालेल्या आईच्या चिठ्ठीवर नुसते ‘स्कॅन’ लिहिलेले असेल, तर डाय, टेक्नेशियम की आयोडीन 131 हे घरच्यांना कळत नाही. औषधाचे नाव आणि ‘अंगावर पाजते’ हे दोन्ही पाठवणाऱ्या डॉक्टरांनी तारीख ठरवतानाच लिहावे, कारण आयोडीन 131 असेल तर औषध देण्याच्या दिवशी विचारणे सहा आठवडे उशिराचे असते.