नफा झाला, मग पैसे कुठे गेले?

तालुक्याच्या गावात दोन चुलत भावांचे किराणा दुकान आहे, अशी कल्पना करा. धाकटा दुकानात बसतो. थोरला पुण्यात नोकरी करतो. त्याने भांडवल घातले आहे आणि नफ्यात त्याचा निम्मा वाटा आहे. सप्टेंबर संपल्यावर धाकटा फोनवर सांगतो, "दादा, या महिन्यात ३६,००० नफा झाला." थोरला बँकेचे खाते उघडून पाहतो, तर शिल्लक महिन्याभरात दीड लाखाच्या आसपास घटलेली असते. नफा झाला तर पैसे वाढायला हवे होते, असे त्याला वाटते आणि मनात पाल चुकचुकते.

भागीदारीतल्या बऱ्याच कुरबुरी इथूनच सुरू होतात. बहुतेक वेळा कोणी पैसे खाल्लेले नसतात. नफा, उचल आणि शिल्लक माल या तीन वेगळ्या गोष्टी कोणी वेगळ्या करून सांगितलेल्या नसतात, एवढेच. त्या सांगायला एका पानाची चिठ्ठी पुरते. आपल्या उदाहरणातल्या धाकट्याने ती अशी लिहिली, असे समजू. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून जीएसटी बाजूला ठेवला आहे.

"दादा, नमस्कार. सप्टेंबरचा हिशोब कळवतो.

विक्री ६,९५,००० झाली. एक तारखेला दुकानात माल ६,४०,००० चा होता. खरेदीची बिलं ७,९४,००० ची आली. त्यातला ४,००० चा माल माझ्या घरी गेला, तो वजा जाता खरेदी ७,९०,०००. तीस तारखेच्या रात्री शटर ओढून माल मोजला, तो ८,२०,००० चा भरला. सगळा खरेदीच्या भावाने धरला आहे. म्हणजे विकल्या गेलेल्या मालाची खरेदी ६,१०,००० आणि ढोबळ नफा ८५,०००. भाडं, दोन पोरांचा पगार, वीज, हमाली, टेम्पो मिळून खर्च ४९,०००. निव्वळ नफा ३६,०००, तुमचे १८,००० आणि माझे १८,०००.

उचल: तुम्हाला १०,००० पाठवले. मी रोख २०,००० घेतले आणि घरचा माल ४,०००, असे २४,०००. दोघांची मिळून ३४,०००.

गल्ला आणि बँक मिळून १,८५,००० होते, ते ४२,००० वर आले आहेत. दिवाळीसाठी रवा, मैदा, तेल, सुकामेवा भरला, म्हणून माल १,८०,००० ने वाढला. गिऱ्हाइकांकडची उधारी ९०,००० ची १,१५,००० झाली. व्यापाऱ्यांचं देणं २,१०,००० होतं, ते २,७०,००० झालं. मालाची यादी सोबत आहे."

आता थोरल्याने ही चिठ्ठी कशी वाचावी ते पाहू.

पहिला प्रश्न नफ्याचा. दुकानदाराने महिन्यात ७,९४,००० ची बिले घेतली आणि विक्री मात्र ६,९५,००० ची केली. नुसते हे दोन आकडे पाहणाऱ्याला दुकान लाखभर तोट्यात आहे असे वाटेल. पण घेतलेला सगळा माल काही विकला गेला नाही. म्हणून सुरुवातीचा माल आणि महिन्याची खरेदी यांची बेरीज करायची, त्यातून अखेरीस उरलेला माल वजा करायचा. राहते ती विकल्या गेलेल्या मालाची खरेदी किंमत. ६,४०,००० अधिक ७,९०,००० उणे ८,२०,००० म्हणजे ६,१०,०००. विक्रीतून हा आकडा वजा केला की ढोबळ नफा मिळतो आणि त्यातून दुकानाचा खर्च गेला की निव्वळ नफा.

दुसरा प्रश्न उचलीचा. उचल हा दुकानाचा खर्च नाही. नोकराचा पगार दिला तर नफा कमी होतो, पण मालकाने गल्ल्यातून पैसे घेतले तर नफ्याला धक्का लागत नाही; त्याच्या भांडवल खात्यातून तेवढी रक्कम उतरते. या महिन्यात धाकट्याच्या वाट्याला १८,००० आले आणि त्याने २४,००० उचलले, म्हणजे त्याचे भांडवल ६,००० ने घटले. थोरल्याने १८,००० पैकी १०,०००च घेतले, त्याचे ८,००० ने वाढले. हे दर महिन्याला लिहिले गेले तर वर्षअखेरीला "तू किती घेतलेस" हा वाद उरत नाही.

घरी नेलेला माल हीसुद्धा उचलच असते आणि नेमकी तीच लिहायची राहते. संध्याकाळी घरी जाताना तेलाची पिशवी, साबण, तूरडाळ घेतली. वहीत नोंद नाही. ४,००० चा तो माल लिहिला नसता तर विकलेल्या मालात धरला गेला असता आणि नफा ३६,००० ऐवजी ३२,००० दिसला असता. धाकट्याच्या घरच्या किराण्याचे निम्मे पैसे नकळत थोरल्याच्या वाट्यातून गेले असते. शिवाय माल कुठे जातो, असा संशय दुकानातल्या पोरांवर आला असता तो वेगळाच.

धाकटा दिवसभर दुकानात राबतो, त्याचा मोबदला काय, हा प्रश्न इथेच येतो. भारतीय भागीदारी कायदा, १९३२ च्या कलम १३ नुसार करारात वेगळे काही ठरलेले नसेल, तर धंद्यात काम केल्याबद्दल भागीदाराला मोबदला मागता येत नाही आणि नफा-तोटा सारखा वाटला जातो. धाकट्याला दरमहा ठरावीक मोबदला द्यायचा असेल, तर तो भागीदारीपत्रात लिहिलेला हवा. मग ती रक्कम नफा वाटण्याआधी बाजूला निघते. लिहिले नसेल, तर धाकटा ज्याला मनात पगार म्हणतो, ती वहीत उचलच ठरते.

तिसरा प्रश्न थोरल्याच्या मनातला: पैसे गेले कुठे? नफ्याचे ३६,००० आले. व्यापाऱ्यांनी जास्तीची ६०,००० ची उधारी दिली, म्हणजे तेवढे पैसे अजून द्यायचे आहेत. या ९६,००० समोर तीन वाटांनी पैसे गेले: १,८०,००० मालात अडकले, २५,००० गिऱ्हाइकांच्या उधारीत आणि ३४,००० दोघांच्या उचलीत. एकूण २,३९,०००. फरक १,४३,०००, आणि रोकड नेमकी तेवढीच घटली आहे. पैसे फडताळावर रवा आणि तेल होऊन बसले आहेत. दिवाळीची विक्री झाली की ऑक्टोबरअखेर माल उतरेल आणि रोकड वाढेल. ती वाढलेली रोकड पाहून "या महिन्यात भरपूर नफा झाला" असे समजणे, ही याच चुकीची दुसरी बाजू.

चिठ्ठीतले बाकी सगळे आकडे कीर्द-खतावणीतून येतात. विक्री, खरेदी, खर्च, उचल, उधारी, देणी यांची खाती असतात आणि ती बिलांशी, बँकेच्या उताऱ्याशी ताडून पाहता येतात. अखेरचा शिल्लक माल हा एकच आकडा वहीत तयार नसतो. तो फडताळे मोजून ठरवावा लागतो. आणि नफा त्याच्यावरच टांगलेला असतो. माल दहा हजारांनी जास्त धरला, तर नफा तेवढ्यानेच फुगतो.

चूक बहुधा दोन ठिकाणी होते. पहिली भावाची. माल विक्रीच्या भावाने धरायचा नसतो. खरेदीच्या भावाने धरायचा, आणि विकून तेवढेही येणार नसेल तर जे खरोखर येईल त्या भावाने. मुदत संपलेली बिस्किटे कंपनी परत घेणार नसेल, तर त्यांची किंमत शून्य. आपल्या दुकानात खरेदीवर सरासरी १४ टक्के चढवून माल विकला जातो. तीस तारखेचा माल विक्रीच्या भावाने धरला असता, तर ८,२०,००० चे सुमारे ९,३४,००० झाले असते आणि न विकलेल्या मालावरच लाखाहून जास्त नफा दिसला असता.

दुसरी चूक तारखेची. तीस तारखेला टेम्पो आला, ४०,००० चा माल उतरला आणि मोजणीत धरला. पण बिल तीन ऑक्टोबरला वहीत चढले. माल आला, खरेदी आली नाही. सप्टेंबरचा नफा ४०,००० ने फुगला आणि ऑक्टोबरचा तेवढ्याने आटला. म्हणून मोजणीच्या रात्री त्या दिवशी आलेल्या मालाची बिले शेजारी ठेवून, प्रत्येक बिल वहीत आहे ना, हे पाहावे.

दूर बसलेल्या भागीदाराला या चुका ओळखता येतात. ढोबळ नफ्याला विक्रीने भागून टक्के काढावेत. इथे ८५,००० ला ६,९५,००० ने भागले की १२.२ टक्के येतात. मालाचा प्रकार तोच असेल, तर हा आकडा महिन्यामहिन्याला फारसा हलत नाही. टेम्पोची चूक झाली असती तर तो एकदम १८ टक्के दिसला असता. इतकी उडी दिसली की आधी मोजणी आणि बिले तपासावीत. टक्का थोडा थोडा करून घसरत असेल, तर न लिहिलेला घरचा माल, सूट, खराबा किंवा चोरी यांपैकी काहीतरी चालू आहे.

दुसरी तपासणी बेरजेची. माल, उधारी आणि रोकड यांच्या बेरजेतून व्यापाऱ्यांचे देणे वजा करा. महिन्याच्या सुरुवातीला ते ७,०५,००० येते, अखेरीस ७,०७,०००. वाढ २,००० ची, आणि ३६,००० नफ्यातून ३४,००० उचल गेल्यावर उरतात तेही २,०००च. मात्र ही बेरीज जुळली म्हणून मोजणी बरोबर आहे असे ठरत नाही. माल चुकीचा धरला असेल, तर दोन्ही बाजू सारख्याच चुकतात आणि बेरीज तरीही जुळते.

दर महिन्याला सगळे दुकान मोजणे जमत नसेल, तर काही जण १२ टक्के नफा गृहीत धरून उलट्या बाजूने मालाचा अंदाज काढतात. त्याने काम भागते, पण नफा आधीच गृहीत धरलेला असल्यामुळे चोरी किंवा घट त्यात कधीच दिसत नाही. निदान तीन महिन्यांतून एकदा प्रत्यक्ष मोजणी हवी. मधल्या महिन्यांत तेलाचे डबे, साखरेची पोती, सुकामेवा असा भारी मालच मोजला तरी चालेल, पण अंदाज कोणता आणि मोजलेला आकडा कोणता, हे चिठ्ठीत लिहावे.

दुकानात न बसणाऱ्या भागीदाराने हे विचारणे म्हणजे अविश्वास दाखवणे नव्हे. खरा हिशोब देणे हे भागीदारी कायद्याच्या कलम ९ नुसार भागीदारांचे एकमेकांप्रति कर्तव्य आहे, आणि वह्या पाहण्याचा व त्यांची नक्कल घेण्याचा हक्क कलम १२ देते. पुढच्या महिन्याची चिठ्ठी आली की नफ्याच्या आकड्याकडे वळण्याआधी मालाची यादी मागा, आणि ती कोणी, कोणत्या रात्री, कोणत्या भावाने केली ते विचारा.