साठ महिन्यांतले पहिले छत्तीस

इन्व्हर्टरच्या दुकानात शिरलेल्या गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "कुठल्या कंपनीची बॅटरी चांगली?" उत्तरही बरेचदा ठरलेलं असतं. ज्या कंपनीच्या मालावर त्या महिन्यात दुकानदाराला जास्त सुटतात, ती कंपनी चांगली! मग खाली-वर बघत गिऱ्हाईक विचारतं, "वॉरंटी किती?" आणि दुकानदार छातीठोकपणे सांगतो, "साठ महिने."

या साठ महिन्यांची उकल करता आली, तर ब्रँड निवडण्याचं निम्मं काम झालं. पण त्याआधी घराला बॅटरी केवढी लागते ते पाहू.

तालुक्याच्या गावालगतचं दोन खोल्यांचं घर धरू. दिवसातून दोन-तीनदा लाइट जाते आणि त्यातली एक खेप तीन तासांची असते. बॅटरीवर चालवायचेत दोन साधे पंखे, चार एलईडी बल्ब, टीव्ही आणि इंटरनेटचा राउटर. पंख्याचे ७५ वॅट, बल्बचे ९, टीव्हीचे ६० आणि राउटरचे १० धरले, तर सगळं मिळून २५६ वॅट होतात. इन्व्हर्टर स्वतःही थोडी वीज खातो, त्यामुळे बॅटरीतून निघतात सव्वातीनशेच्या आसपास. बॅटरी १२ व्होल्टची, म्हणजे साधारण २७ ॲम्पिअरचा प्रवाह झाला.

बाजारात 'दीडशेची बॅटरी' म्हणतात ती १५० ॲम्पिअर-अवरची. १५० भागिले २७ केलं की साडेपाच तास येतात, पण प्रत्यक्षात तेवढा वेळ मिळत नाही. लेबलवर दीडशेच्या शेजारी बारीक अक्षरात 'सी-२०' छापलेलं असतं. त्याचा अर्थ असा की ही बॅटरी २० तास हळूहळू, साडेसात ॲम्पिअरनं रिकामी केली तरच १५० भरते. घाईनं उपसली की कमी देते. २७ ॲम्पिअरनं उपसल्यावर नवी बॅटरी चारेक तास ओढेल आणि वर्षं सरतील तसा तो वेळ घटत जाईल. या घराला दीडशेची पुरते, पण फार शिल्लक उरत नाही. (पंखे बीएलडीसी घेतले तर तिशीच्या वॅटात फिरतात आणि भार पावणेदोनशेच्या आत येतो. बॅटरी मोठी घेण्याआधी हा हिशेब करावा.) दोन ब्रँड शेजारी ठेवताना एकावर सी-२० आणि दुसऱ्यावर सी-१० दिसलं, तर आकडा तोच असूनही सी-१०वाली खरोखर मोठी असते.

वारंवार लाइट जाणाऱ्या घरात बॅटरी ट्युब्युलरच हवी. साध्या बॅटरीत प्लेट सपाट असते आणि सतत भरण्या-उपसण्यानं तिच्यावरचा लेप सुटून तळाशी गाळ होऊन बसतो. ट्युब्युलरमध्ये तोच लेप कापडी नळ्यांत कोंबलेला असतो, त्यामुळे तो सहज गळत नाही. हे सगळं काळ्या डब्याच्या आत दडलेलं असल्यानं गिऱ्हाइकाला दिसत नाही. वजन मात्र कळतं. बॅटरीतली किंमत शिशाची असते आणि शिसं जड असतं. म्हणून एकाच प्रकारच्या, एकाच क्षमतेच्या दोन बॅटऱ्यांपैकी एक पाच-सात किलोंनी हलकी निघाली, तर तिच्यात काय कमी घातलंय हे विचारायला हवं. वजन माहितीपत्रकात छापलेलं असतं. फक्त ॲसिड भरलेल्या वजनाची तुलना ॲसिड भरलेल्या वजनाशीच करावी.

आता ते साठ महिने.

समजा, या घरासमोर दोन भाव आले. पहिली बॅटरी १५ हजारांची, दुसरी १३ हजारांची. दोन्ही 'साठ महिन्यांच्या'. कार्ड उघडून पाहिलं, तर पहिल्यावर ३६ अधिक २४ आणि दुसऱ्यावर २४ अधिक ३६ असं लिहिलेलं. अधिकच्या डावीकडच्या महिन्यांत बॅटरी बिघडली तर बदलून फुकट मिळते. उजवीकडच्या महिन्यांत मिळते ती नव्या बॅटरीवर सूट, आणि तीही महिन्यांगणिक आटत जाणारी. मेख अशी की ही सूट बहुधा छापील किमतीवर मोजतात, आणि छापील किमतीला दुकानात कुणीच बॅटरी घेत नाही.

दुसरी बॅटरी तिसाव्या महिन्यात गेली असं धरू. तिची छापील किंमत १८ हजार आणि सूट ३० टक्के. सूट झाली ५,४०० रुपये, भरायचे १२,६००. तीच बॅटरी दुकानात १३ हजारांना मिळतेच आहे! अडीच वर्षं जपून ठेवलेल्या कार्डाची कमाई चारशे रुपये. पहिली बॅटरी तिसाव्या महिन्यात गेली असती, तर फुकट बदलून मिळाली असती, जरी बदललेल्या बॅटरीला उरलेल्या सहा महिन्यांचीच हमी असते. म्हणून किंमत भागायची ती पहिल्या आकड्यानं. १५ हजार भागिले ३६ म्हणजे महिन्याला ४१७ रुपये. १३ हजार भागिले २४ म्हणजे ५४२. स्वस्त वाटलेली महाग निघाली.

पण ही हमी पाळायला कंपनी जागेवर असायला हवी. गुरुग्रामची सु-कॅम ही इन्व्हर्टरच्या धंद्यातली घरोघरी ठाऊक असलेली कंपनी. २०१८ मध्ये तिच्यावर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. नाव गाजलेलं असणं आणि कंपनी टिकून असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. त्यामुळे लेबलवर 'उत्पादक' कोण आणि 'विक्रेता' कोण, हे वाचावं. काही ब्रँड दुसऱ्याकडून बनवून घेऊन फक्त आपलं नाव चिकटवतात. एक्साइडचे कारखाने चिंचवड, तळोजा आणि अहिल्यानगरला आहेत. ॲमरॉन बनवणारी अमर राजा तिरुपतीकडची. स्वतःचा कारखाना असला की प्रत्येक बॅटरी उत्तम निघते असं नाही, पण दावा कुणाच्या दारात न्यायचा हे तरी स्पष्ट राहतं.

त्याहून जवळचं दार डीलरचं. दीडशेची बॅटरी पन्नास-साठ किलोंची असते. ती एसटीनं जिल्ह्याच्या ठिकाणी नेता येत नाही. म्हणून दुकानात "कंपनी कुठली" याऐवजी विचारावं: बॅटरी तपासायला माणूस घरी येतो का? चार्ज करून तपासायला दोन-तीन दिवस लागले, तर तोवर दुसरी बॅटरी मिळते का? गेल्या वर्षी गावात कुणाची बदलून दिलीत? शेवटच्या प्रश्नाला दुकानदार पत्ता सांगत असेल, तर त्या घरी जाऊन चहा घ्यावा. एखादा मधला ब्रँड, ज्याचा डीलर तालुक्यात जबाबदारीनं काम करतो, तो जाहिरातीतल्या बड्या ब्रँडपेक्षा या घरासाठी सरस ठरतो.

पसंत पडलेल्या बॅटरीचा जन्म कधीचा, तेही पाहावं. झाकणावर किंवा अंगावर कोरलेल्या आकड्यांत उत्पादनाचा महिना-वर्ष दडलेलं असतं. दुकानदाराकडून ते उलगडून घ्यावं. बॅटरी नुसती पडून राहिली तरी उतरते आणि चार्ज न करता महिनोन्‌महिने ठेवली की प्लेटांवर कडक थर बसतो. तीन महिन्यांच्या आतली मिळाली तर उत्तम. समोर मीटर लावायला सांगावं. भरलेली, विसावलेली बॅटरी १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते. १२.४ च्या खाली काटा थांबला तर दुसरी मागावी.

आणि पैसे मोजण्यापूर्वी बिलावर बॅटरीचा सीरियल नंबर आणि तारीख आहे ना, ते पाहावं. कार्डावर दुकानाचा शिक्काही लागतो. पुढे त्यात नळाचं पाणी टाकलं किंवा पाणी आटून प्लेटा उघड्या पडल्या, तर छत्तीस महिन्यांतला पाचवा महिना असला तरी दावा फेटाळला जाऊ शकतो. म्हणून या घराच्या बिलात बॅटरीखाली आणखी एक ओळ आहे: डिस्टिल्ड वॉटर, पाच लिटर.