कोष्टक संपते तिथून पुढे

एक साधा युक्तिवाद घ्या. पाऊस पडला असेल तर रस्ता ओला असतो. रस्ता ओला नाही. म्हणून पाऊस पडलेला नाही. हा युक्तिवाद बरोबर आहे हे ठरवायला पावसाबद्दल किंवा रस्त्याबद्दल काहीही ठाऊक असावे लागत नाही. ‘पाऊस पडला’ याला P म्हणा, ‘रस्ता ओला आहे’ याला Q म्हणा, की सगळा युक्तिवाद एका सूत्रात मावतो:

```
((P → Q) ∧ ¬Q) → ¬P
```

P खरे किंवा खोटे, Q खरे किंवा खोटे, म्हणजे एकूण चार शक्यता. प्रत्येक शक्यतेसाठी एक ओळ असे कोष्टक मांडायचे. दोन्ही गृहीतके खरी ठरतात ती एकच ओळ सापडते, जिथे P आणि Q दोन्ही खोटे आहेत, आणि त्या ओळीत निष्कर्षही खरा आहे. बाकीच्या तीन ओळींत एखादे तरी गृहीतक कोसळते, त्यामुळे तिथे सूत्र आपोआप खरे ठरते. चारही ओळींत खरे, म्हणून सूत्र वैध. हे काम कोणतीही कल्पकता न लावता, निव्वळ यंत्रासारखे करता येते.

विधाने वाढली की ओळी दुपटीने वाढतात. तीस विधानांना १०७ कोटींहून जास्त ओळी लागतात. शंभर विधानांचे पूर्ण कोष्टक भरणे तर आजच्या कोणत्याही संगणकाच्या आवाक्याबाहेर आहे. तरीही कोष्टक कुठे संपणार हे सुरुवात करण्यापूर्वीच माहीत असते. काम प्रचंड असेल, पण त्याला शेवट आहे, आणि शेवटी ‘हो’ किंवा ‘नाही’ हमखास मिळते.

आता ‘प्रत्येक’ आणि ‘कोणीतरी’ हे दोन शब्द तर्कात येऊ द्या. असा कोणीतरी एक आहे जो सगळ्यांना आवडतो. म्हणून प्रत्येकाला कोणीतरी आवडतो. हा युक्तिवाद वैध आहे. उलट दिशेने मात्र तो तुटतो: दोन माणसांचे जग घ्या, ज्यात प्रत्येकाला फक्त स्वतःच आवडतो. तिथे प्रत्येकाला कोणीतरी आवडतो, पण सगळ्यांना आवडणारा एकही नाही. वस्तू, त्यांचे परस्परसंबंध आणि हे दोन शब्द मिळून जे तर्कशास्त्र बनते त्याला विधेय तर्कशास्त्र म्हणतात. इथे वैध म्हणजे कल्पना करता येईल अशा प्रत्येक जगात खरे.

मग एका वस्तूची जगे तपासावी, नंतर दोनची, तीनची, असे पुढे जात राहावे का? आधी ही तीन वाक्ये पाहा. प्रत्येकापेक्षा कोणीतरी मोठे आहे. कोणीही स्वतःपेक्षा मोठे नाही. क हा ख पेक्षा मोठा आणि ख हा ग पेक्षा मोठा असेल, तर क हा ग पेक्षा मोठा असतो. समजा, कोणी म्हणाले की ही तिन्ही वाक्ये एकाच वेळी खरी असूच शकत नाहीत. दहा वस्तूंच्या जगात हा दावा खरा ठरतो, कारण मोठ्याकडून त्याहून मोठ्याकडे जात राहिले की दहा पावलांच्या आत एखादी वस्तू पुन्हा भेटते, आणि तिसऱ्या वाक्यामुळे ती स्वतःपेक्षाच मोठी ठरते. लाख वस्तू असल्या तरी हेच होते. पण ०, १, २, ३ अशा न संपणाऱ्या संख्यांच्या जगात तिन्ही वाक्ये सुखाने एकत्र नांदतात, आणि दावा खोटा पडतो. त्याला खोटे पाडणारे जग मर्यादित आकाराच्या जगांत कधीच सापडले नसते.

जगे तपासण्याऐवजी सिद्धता शोधता येतात. कुर्ट गोडेल यांनी १९२९ साली दाखवले की विधेय तर्कशास्त्रातल्या प्रत्येक वैध सूत्राला ठरावीक नियमांनी बांधलेली सिद्धता असते. सिद्धता म्हणजे चिन्हांची मर्यादित रांग. यंत्राने लहानापासून मोठ्यापर्यंत सगळ्या रांगा क्रमाने तपासल्या, तर वैध सूत्राची सिद्धता कधी ना कधी हाती लागणारच. सूत्र वैध नसेल तर मात्र शोध चालूच राहतो. किती लांबपर्यंत शोधले की थांबायला हरकत नाही, हे सांगणारी मर्यादा हवी होती. डेव्हिड हिल्बर्ट आणि विल्हेल्म आकरमान यांनी १९२८ च्या आपल्या पुस्तकात असा निर्णय देणारी पद्धत शोधणे हा तर्कशास्त्राचा मुख्य प्रश्न म्हणून मांडला होता. १९३६ मध्ये अमेरिकेत अलोन्झो चर्च आणि इंग्लंडमध्ये अ‍ॅलन ट्युरिंग यांनी स्वतंत्रपणे सिद्ध केले की अशी पद्धत असूच शकत नाही.

कारण असे की ‘प्रत्येक’ हा शब्द हाताशी आला की सूत्रात अख्खा संगणकप्रोग्राम लिहिता येतो. फक्त दोन मोजण्या ठेवणारा छोटा प्रोग्राम घेऊ. P(x, y) म्हणजे ‘प्रोग्राम चालू आहे आणि मोजण्या x व y आहेत’, H(x, y) म्हणजे ‘प्रोग्राम थांबला’, आणि s(x) म्हणजे x च्या पुढची संख्या.

```
P(s(s(0)), 0)
∀x∀y (P(s(x), y) → P(x, s(y)))
∀y (P(0, y) → H(0, y))
```

पहिली ओळ सुरुवात सांगते: मोजण्या २ आणि ०. दुसरी सांगते की पहिल्या मोजणीतून एक काढून दुसरीत घाला. तिसरी सांगते की पहिली शून्य झाली की थांबा. आता सूत्र असे: या तिन्ही ओळी खऱ्या असतील, तर कोणत्या तरी x, y साठी H(x, y) खरे आहे.

प्रोग्राम (२, ०) वरून (१, १) वर, तिथून (०, २) वर जातो आणि थांबतो. हीच पावले सिद्धतेची पावले आहेत, म्हणून सूत्र प्रत्येक जगात खरे, म्हणजेच वैध. आता दुसरी ओळ बदला आणि पहिल्या मोजणीतून काहीही न काढता दुसरी वाढवत राहा. प्रोग्राम कधीच थांबत नाही. मग नैसर्गिक संख्यांचे जग घ्या, ज्यात प्रोग्राम प्रत्यक्ष ज्या अवस्थांत पोचतो तेवढ्यांपुरतेच P खरे आणि H कुठेच खरे नाही. तिन्ही ओळी तिथे खऱ्या आहेत, पण निष्कर्ष खोटा, म्हणून सूत्र अवैध. थोडक्यात, प्रोग्राम थांबतो तेव्हाच सूत्र वैध असते. दोन मोजण्यांच्या प्रोग्रामात पुरेशा ओळी लिहिल्या तर कोणत्याही संगणकाचे काम त्यात उतरवता येते, हे मार्विन मिन्स्की यांनी १९६१ मध्ये दाखवले.

म्हणजे वैधता ठरवणारे यंत्र असते, तर कोणताही प्रोग्राम थांबेल की नाही हेही त्याने सांगितले असते. तसे झाले असते तर एक खोडकर प्रोग्राम लिहिता आला असता: हाती आलेला प्रोग्राम स्वतःचाच मजकूर वाचायला दिल्यावर थांबतो का, हे यंत्राला विचारायचे, उत्तर ‘थांबतो’ आले तर कायम फिरत राहायचे, ‘थांबत नाही’ आले तर लगेच थांबायचे. या प्रोग्रामला त्याचाच मजकूर दिला, तर यंत्राचे कोणतेही उत्तर खोटे ठरते. म्हणून असे यंत्र नाही.

अडचण कुठे सुरू होते हेही नेमके माहीत आहे. ‘लाल आहे’, ‘गोल आहे’ असे एकेका वस्तूचे गुणच बोलायचे असतील, तर लिओपोल्ड ल्योवेनहाइम यांनी १९१५ मध्येच दाखवले होते की वैधता यंत्राने ठरवता येते. तीन गुण असतील तर वस्तूंचे आठच प्रकार संभवतात, आणि जास्तीत जास्त आठ वस्तूंची जगे तपासली की पुरते. ‘मोठा आहे’ असा दोन वस्तूंना जोडणारा एक संबंध मुक्तपणे वापरायची मुभा दिली, की ती मर्यादा नाहीशी होते.

सिद्धता शोधणारी आजची सॉफ्टवेअर याच सीमेवर काम करतात. Z3 हे साधन अनेकदा `unknown` असे उत्तर देते. ते पाहून सूत्र अवैध आहे असे समजू नये. वेळ संपली म्हणजे सिद्धता नाही असे नव्हे, आणि आणखी किती वेळ दिला असता तर पुरला असता, हे आधीच सांगणारे कोणतेही गणित सगळ्या सूत्रांसाठी अस्तित्वात नाही. अवैध म्हणायचे असेल, तर सूत्राला खोटे पाडणारे जग दाखवावे लागते.