दातवण, मिसवाक की लाल मंजन? हिरडीला काय मानवतं आणि दात कशाने झिजतो

ब्रश सोडून कडुनिंबाच्या काडीवर किंवा आयुर्वेदिक मंजनावर यावं का, असं तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी विचारलं होतं. आजचा एपिसोड त्यावरच. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला सोपं जातं, त्यांच्यासाठी ही लिखित आवृत्ती.

आधी हिरडीतून रक्त का येतं ते बघू. दात आणि हिरडी जिथे भेटतात, तिथे जंतूंचा एक मऊ, चिकट थर रोज साचतो. तो तसाच राहिला की हिरडी सुजते, लाल होते आणि जरा घासलं तरी रक्त येतं. म्हणजे खरं काम आहे तो थर रोज पुसून काढणं. काडीने काढा, ब्रशने काढा, हिरडीला फरक पडत नाही.

दातवण इथेच उपयोगी पडतं. काडीचं टोक चावलं की त्याचे धागे सुटतात आणि त्यांचा छोटा ब्रश तयार होतो. कडुनिंबाच्या कडू रसात जंतूंची वाढ रोखणारे घटक असतात. मिसवाक म्हणजे पिलूच्या झाडाची मुळी किंवा फांदी. तिला मोहरीसारखा जो झणका असतो, तो ज्या गंधकयुक्त द्रव्यामुळे येतो तेही जंतुनाशक आहे. पण रस थोडा वेळच टिकतो, मुख्य काम धागेच करतात. आणि काडी सरळ असते, त्यामुळे दाढांच्या मागे आणि दातांच्या आतल्या बाजूला ती नीट पोचत नाही. थर तिथेच राहतो आणि पुढे कडक कीटण होतं. ते कुठल्याही काडीने निघत नाही, डेंटिस्टकडेच काढावं लागतं.

मग मंजनाचं काय?

मंजनात बाभळीची साल असेल तर ती तुरट असते, हिरडी आवळल्यासारखी वाटते. लवंग थोडं बधिर करते. म्हणून दोन दिवसांत ‘बरं वाटतंय’ असं होतं. पण बऱ्याच मंजनांत गेरू, कोळसा किंवा राखही असते. हे कण पाण्यात विरघळत नाहीत, ते खरडतात. पेस्टमध्ये कण ओलाव्यात पसरलेले असतात. कोरडी पूड मात्र थेट दातावर दाबली जाते.

दाताचा वरचा भाग इनॅमलने झाकलेला असतो, शरीरात त्याच्याइतकं कडक काही नाही. हिरडीखालच्या मुळावर मात्र इनॅमल नसतं. तिथे पातळ आवरण असतं आणि त्याखाली बरंच मऊ डेंटिन. आता समजा, पंचविशीतला एक मुलगा रोज कोरडं लाल मंजन कडक ब्रशवर घेऊन करवतीसारखं आडवं घासतो. तो उजव्या हाताने घासतो, म्हणून सगळ्यात जास्त जोर डावीकडच्या सुळ्यावर आणि त्याच्या शेजारच्या दातांवर पडतो. तिथली हिरडी हळूहळू वर सरकते, मूळ उघडं पडतं आणि मुळाशी खाच पडते. एक दिवस थंड पाण्याने झिणझिण्या येतात. त्याला वाटतं हिरडी कमजोर झाली, म्हणून तो मंजन आणखी जोरात घासतो. लवंगेमुळे ठणका दबतो आणि खाच खोल होत जाते. झिजलेला दात परत भरून येत नाही. डेंटिस्ट खाच भरू शकतो, पण घासण्याची सवय तीच राहिली तर तीही झिजते.

घरच्या घरी कसं ओळखाल?

हिरडीजवळ दातावरून नख वर-खाली हलकेच फिरवा. नख अडकलं आणि ती जागा गुळगुळीत, कडक लागली तर ती बहुतेक झीज. जागा काळपट आणि मऊ असेल तर कीड असू शकते. दोन्हींसाठी डेंटिस्टला दाखवा. मंजनाची चिमूट ओल्या बोटांत चोळा. वाळूसारखी कचकच लागली तर ते दातांसाठी नको.

काडी वापरायचीच असेल तर

पेन्सिलीएवढी जाड, ताजी काडी घ्या. वाळलेली मिसवाक आधी पाण्यात भिजवा. टोकाची सेंटीमीटरभर साल काढून धागे मऊ होईपर्यंत चावा. हिरडीकडून दाताच्या टोकाकडे हलक्या हाताने फिरवा, आडवं नाही. वापरलेलं टोक रोज कापून टाका. आणि रात्री मऊ ब्रशने फ्लोराइडची पेस्ट लावा, कारण कीड रोखणारं फ्लोराइड बहुतेक मंजनांत नसतं.

जाता जाता, मशेरीला मंजन समजू नका. ती भाजलेली तंबाखू आहे, तिने तोंडाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. घरात आजी किंवा काकू लावत असतील तर हा भाग त्यांना जरूर ऐकवा. आणि नीट घासूनही दोन आठवड्यांनंतर रक्त येतच असेल, तर मंजन बदलत बसू नका, दात दाखवून घ्या.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!