उत्तर कुठे संपते?

वेब सर्व्हरचे उत्तर कुठे संपले, हे ब्राउझरला आपोआप कळत नाही. एचटीटीपी १.१ मध्ये एकाच जोडणीवरून अनेक उत्तरे येत असल्याने प्रत्येकाची लांबी सांगावी लागते. `Content-Length` ही ओळ ती लांबी बाइटमध्ये सांगते.

मराठी मजकुरात नेमकी इथेच चूक होते. ‘नमस्कार’ या शब्दात संगणकाच्या मोजणीने ७ चिन्हे आहेत, पण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. म्हणजे एकूण २१ बाइट. प्रोग्रॅमने चिन्हे मोजून ७ लिहिले, तर ब्राउझर ७ बाइट वाचून थांबतो. ‘नम’ दिसते आणि पुढच्या अक्षराचा तुटका तुकडा � असा उमटतो. उरलेले १४ बाइट पुढच्या उत्तराची सुरुवात समजले जाऊन तेही बिघडू शकते.

उलट ३० लिहिले, तर ब्राउझर न येणाऱ्या ९ बाइटची वाट पाहत राहतो. जोडणी तुटली, की `curl` त्रुटी क्रमांक १८ दाखवते.

लांबी आधी ठाऊक नसेल, तर `Transfer-Encoding: chunked` वापरतात. प्रत्येक तुकड्याआधी त्याची लांबी सोळा-आधारी अंकांत येते. २१ म्हणजे `15`:

```
15
नमस्कार
0

```

शून्य आणि त्यानंतरची रिकामी ओळ म्हणजे समाप्ती. ती राहिली, तर मजकूर पूर्ण येऊनही पान लोड होतच राहते. म्हणून लांबी हाताने न लिहिता सर्व्हरच्या लायब्ररीवर सोपवावी. लिहावीच लागली, तर बाइट मोजावेत.