मेलेला मतदार आणि दुसरं लग्न : शब्दशः अर्थ कुठे थांबतो

नियमांच्या व्याख्या मागाहून सांगतो. आधी इंग्लंडमधले दोन जुने खटले ऐका, कारण आजचा सगळा विषय त्या दोघांच्या मधल्या फटीत आहे.

पहिला 1868 सालचा, व्हाइटली विरुद्ध चॅपल. गरिबांच्या मदतीचा कारभार पाहणाऱ्या मंडळाची निवडणूक होती. मतदारयादीत नाव असलेला एक गृहस्थ निवडणुकीआधीच वारला होता. चॅपलने त्याच्या नावाने मत दिलं. कायदा असा होता की ‘मत देण्याचा अधिकार असलेल्या व्यक्तीचं’ सोंग घेणं हा गुन्हा. न्यायालय म्हणालं, मेलेल्या माणसाला मताचा अधिकार नसतो. मग ज्याचं सोंग घेतलं तो ‘अधिकार असलेली व्यक्ती’ नव्हताच. चॅपल सुटला.

दुसरा 1872 सालचा, राणी विरुद्ध ॲलन. 1861 च्या कायद्याच्या कलम 57 नुसार, विवाहित असून जोडीदार हयात असताना जो दुसऱ्याशी ‘लग्न करील’ तो गुन्हेगार. ॲलनने बायको जिवंत असताना दुसरीशी लग्न लावलं. ही दुसरी त्याच्या आधीच्या, वारलेल्या बायकोची भाची. त्या नात्यात तिथे लग्न होऊच शकत नव्हतं. ॲलनचा बचाव असा : हे लग्न तसंही रद्दबातलच होतं, म्हणजे मी ‘लग्न केलं’ असं कायद्याने म्हणता येत नाही. न्यायालयाने ऐकलं नाही. ‘लग्न करणं’ म्हणजे इथे लग्नाचा विधी पार पाडणं, असा अर्थ लावून त्याला दोषी धरलं.

आता गंमत बघा. दोघांचाही बचाव एकाच जातीचा आहे. दोघेही शब्दाला धरून बसले. एक सुटला, एक अडकला. परीक्षेत पहिल्यासमोर ‘लिटरल रूल’ आणि दुसऱ्यासमोर ‘गोल्डन रूल’ असं लिहून मुलं मोकळी होतात, आणि का विचारलं की उत्तर येतं, ‘दुसऱ्यात अन्याय होत होता म्हणून.’ अहो, पहिल्यात काय न्याय झाला? मेलेल्याच्या नावाने मत देणारा घरी गेला!

खरा फरक पाहण्यासाठी एक साधा प्रश्न विचारा. शब्दशः अर्थ घेतला तर कलमाच्या हाती काय उरतं? चॅपलच्या कलमात बरंच उरतं. जिवंत मतदाराचं सोंग घेणारे सगळे अजूनही सापडतात. फक्त मेलेल्यांचं सोंग घेणारे निसटतात. जाळ्याला भोक आहे, पण जाळं आहे. ॲलनच्या कलमात काय उरतं? ‘लग्न करणं’ म्हणजे कायदेशीर, वैध लग्न करणं असं धरलं, तर आधीच विवाहित असलेल्या माणसाचं दुसरं लग्न कधीच वैध नसतं. म्हणजे या कलमाखाली एकही माणूस, कधीही दोषी ठरू शकत नाही. संसदेने गुन्हा निर्माण केला आणि त्याच वाक्यात तो अशक्य करून ठेवला, असं मानावं लागेल. याला म्हणतात विसंगती, ॲब्सर्डिटी. निकाल कडू लागणं वेगळं आणि विसंगती वेगळी.

आणि दुसरा प्रश्न : शब्दाला दुसरा अर्थ पेलतो का? ‘लग्न केलं’ हे आपण दोन्ही अर्थांनी बोलतो. ‘काल कार्यालयात लग्न केलं’ म्हणजे विधी झाला. तो अर्थ भाषेत आधीच होता, न्यायालयाने तो फक्त निवडला. ‘अधिकार असलेली व्यक्ती’ या शब्दांत मेलेला माणूस मावत नाही. तो मावायला हवा असेल तर शब्द बदलायला हवेत, आणि ते काम संसदेचं.

गोल्डन रूलचं नेहमी सांगितलं जाणारं रूप लॉर्ड वेन्स्लीडेल यांनी 1857 मध्ये ग्रे विरुद्ध पीअर्सन या मृत्युपत्राच्या खटल्यात मांडलं. आशय असा : शब्दांचा नेहमीचा अर्थच धरा, त्यातून विसंगती निघत असेल तर ती टाळण्यापुरता अर्थ वळवा, त्यापुढे नाही. ‘त्यापुढे नाही’ हा भाग लोक विसरतात.

प्रामाणिकपणे सांगायचं तर हा दुसरा प्रश्न प्रत्येक खटल्यात टिकत नाही. 1935 च्या सिग्सवर्थ खटल्यात आईचा खून करणाऱ्या मुलाचा वारसाहक्क असाच आडवा आला. ‘अपत्य’ या शब्दाला तिथे एकच अर्थ होता, तरी खुन्याला खुनाचा लाभ मिळू नये म्हणून न्यायालयाने तो अर्थ नाकारला. हे गोल्डन रूलचं विस्तृत रूप. ते क्वचित वापरतात, आणि मागे असं एखादं भक्कम तत्त्व असेल तेव्हाच.

ॲलनची अडचण आपल्याकडे मात्र कायदा लिहितानाच सोडवली होती. भारतीय दंड संहितेच्या कलम 494 मध्ये (आता न्याय संहितेचं कलम 82) पहिला जोडीदार हयात असल्यामुळे जे लग्न रद्दबातल ठरतं, ते लग्न करणं हा गुन्हा, असं स्पष्ट लिहिलं. म्हणून ‘लग्न’ शब्द वळवायची गरज उरली नाही. आणि मग भाऊराव लोखंडे यांच्या 1965 च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उलटा निकाल दिला : दुसऱ्या लग्नात आवश्यक धार्मिक विधी झाल्याचं, किंवा ते न करण्याची रूढी असल्याचं सिद्ध झालं नाही, म्हणून ते कलमातलं ‘लग्न’च नव्हे. भाऊराव सुटले. निकाल अनेकांना खुपतो, मलाही खुपतो. पण कलम मेलं नाही. विधिवत दुसरं लग्न करणारा आजही सापडतो.

आता तुमच्यासाठी एक प्रसंग. एका गावाचा नियम : ‘तलावाच्या काठावर कपडे धुणाऱ्यास दंड होईल.’ एक बाई गुडघाभर पाण्यात उभी राहून तिथल्याच दगडावर कपडे धुते. म्हणते, मी काठावर नाही, तलावात आहे. दुसरी घरून कपडे धुऊन आणते आणि काठावरच्या पायऱ्यांवर वाळत घालते. साबणाचं पाणी निथळून तलावात जातं. दोघींना नोटीस आली. कोणता नियम कुणाला?

(श्रोत्यांतून : दोघींना गोल्डन. तलाव स्वच्छ ठेवणं हाच हेतू ना?)

थांबा. हेतू शोधून तिथून मागे यायचं, हा तिसरा नियम, मिस्चिफ रूल. तो पुढच्या वेळी. इथे आपले दोन प्रश्न लावा. पहिलीचा बचाव मानला तर काठावर धुणारीला दंड आणि थेट पाण्यात धुणारी मोकळी. नियम जवळच्याला पकडतो आणि आतल्याला सोडतो. ही विसंगतीच. शिवाय ‘तलावाच्या काठावर’ असं आपण पाण्यात पाय सोडून बसलेल्यालाही म्हणतो. तेव्हा गोल्डन रूल. हुबेहूब असंच 1964 च्या ॲडलर विरुद्ध जॉर्ज खटल्यात झालं. निषिद्ध जागेच्या ‘परिसरात’ पहारेकऱ्यांना अडथळा आणणं हा गुन्हा होता. आरोपी म्हणाला, मी परिसरात नव्हतो, विमानतळाच्या आतच होतो. न्यायालयाने ‘आत किंवा परिसरात’ असं वाचलं.

दुसरी बाई सुटेल. वाळत घालणं म्हणजे धुणं नव्हे, कुठल्याही घरात नाही. तिला सोडलं म्हणून नियम निरर्थक होत नाही, धुणारे सगळे सापडतातच. गावाला पाणी निथळणं थांबवायचं असेल तर नियमात ‘वा वाळत घालणाऱ्यास’ एवढे शब्द घालावेत. ते घालेपर्यंत लिटरल रूल, आणि तिची नोटीस परत.