विश्लेषण : भिशीच्या हप्त्याचा निरोप… शब्द गोड, तारीख पक्की, हे कसे साधायचे?

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात भिशी चालवणाऱ्या ताईंचा फोन हातातून सुटत नाही. ‘पैसे पाठवा’ असे स्पष्ट लिहिले तर शेजारीण दुखावते, आडून लिहिले तर पैसे येत नाहीत. या पेचात अनेक भिशीचालक दरमहा खिशातून भर घालतात. जालना शहरातील मस्तगडसारख्या वस्तीत चालणाऱ्या भिशीचे एक नमुना उदाहरण घेऊन, निरोप नेमका कुठे ढिला पडतो आणि तो कसा बांधायचा, ते पाहू.

हप्ता उशिरा आला तर नेमके काय बिघडते?

समजा, मस्तगडमध्ये २० जणींची भिशी आहे. हप्ता महिना २,००० रुपये, म्हणजे पाळी येईल तिला ४०,००० रुपये. पहिल्याच महिन्यात सगळ्या चिठ्ठ्या काढून २० महिन्यांचा क्रम ठरवला आहे. पैसे दर १० तारखेला संध्याकाळी ५ वाजता चालक ताईंच्या घरी दिले जातात. या महिन्यात जिची पाळी आहे, तिने मुलीच्या कॉलेजची फी या रकमेवर धरली आहे.

१० तारखेला १६ जणींचे हप्ते आले. हातात ३२,००० रुपये. उरलेले ८,००० कुठून आणायचे? फीची मुदत थांबत नाही, म्हणून चालक ताई घरखर्चातून भर घालतात. चौघींपैकी दोघी पुढच्या आठवड्यात देतात, दोघी ‘पुढच्या महिन्यात एकदम देते’ म्हणतात. पुढचा महिना उजाडतो तेव्हा ताईंचे ४,००० रुपये अडकलेले असतात आणि नवे हप्ते यायचे असतात. अनेक भिशांत चालकाला पहिला नंबर मिळतो तो याच जोखमीपोटी. पण तो एकदाच मिळतो, भर मात्र वीस महिने घालावी लागते.

नेहमीचा निरोप कुठे कमी पडतो?

अशा गटात जाणारा निरोप साधारण असा असतो :

‘नमस्कार मैत्रिणींनो. १० तारखेला भिशी आहे. जमेल तसे लवकर पैसे पाठवा. काही अडचण असेल तर सांगा. राग मानू नका.’

यात १० ही तारीख आहे, पण ती पैसे वाटण्याची आहे. पैसे पोहोचवण्याची शेवटची तारीख कुठेच नाही. वाचणारी १० हीच मुदत धरते आणि १० ला दुपारी निघते. ‘जमेल तसे’ या दोन शब्दांनी तर उरलीसुरली तारीखही मोकळी सोडली. ‘अडचण असेल तर सांगा’ हे बरोबर आहे, पण कधीपर्यंत सांगायचे ते नाही, त्यामुळे अडचण नेमकी १० च्या सकाळी कळते. शेवटचे ‘राग मानू नका’ सगळ्यात महाग पडते. सगळ्यांनी मिळून ठरवलेले पैसे मागणे हा जणू ताईंचाच अपराध आहे, असे त्यातून ध्वनित होते.

गोडवा असायलाच हवा, पण तो संबोधनात आणि सुरात असावा. तारीख, वेळ आणि रक्कम या तीन जागी मऊ शब्द नको.

आधी तारीखच तपासायची, ती का?

पाळता न येणारी तारीख कितीही ठामपणे लिहिली तरी ती पाळली जात नाही. जालन्यात पोलादाच्या रोलिंग मिल आहेत, त्यांवर चालणारी कितीतरी घरे आहेत. वेतनविषयक कायद्यानुसार महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत द्यायचा असतो. अनेक घरांत पैसा त्या सुमारासच येतो. अशा गटाने हप्त्याची मुदत ५ ठेवली, तर निम्म्या जणी दरमहा ‘उशिरा’ ठरणार, तेही काही चूक नसताना. दोन-चार महिने असे झाले की मुदत ही केवळ म्हणायची असते, अशी सवय लागते.

म्हणून आपल्या उदाहरणातील गट मुदत ८ तारीख, रात्री ८ ठेवतो. पगारानंतर एक दिवस आणि वाटपाआधी जवळपास दोन दिवस. हे दोन दिवस चालक ताईंसाठी आहेत. ते निरोपात ‘सवलत’ म्हणून सांगायचे नाहीत, नाहीतर १० हीच पुन्हा मुदत होते.

मग सुधारलेला निरोप कसा असेल?

५ तारखेला संध्याकाळी, गटावर :

‘नमस्कार ताई-वहिनींनो. या महिन्याचा हप्ता २,००० रुपये *८ तारीख, सोमवार, रात्री ८ पर्यंत* पोहोचवा. या वेळी पाळी अमुक काकूंची आहे, १० तारखेला त्यांच्या हातात पूर्ण ४०,००० द्यायचे आहेत. यूपीआय माझ्या नेहमीच्या नंबरवर, रोख असेल तर घरी संध्याकाळी ६ ते ८. काही अडचण असेल तर ७ तारखेच्या आत मला एकटीला फोन करा, बघू काय करता येते. पैसे मिळाले की मी नावापुढे खूण करते.’

तारखेच्या दोन्ही बाजूंना * टाकले की व्हॉट्सअ‍ॅपवर तेवढा भाग ठळक दिसतो. निरोप सात दिवसांसाठी पिन केला की इतर गप्पांखाली दबत नाही. वार लिहिणे छोटे वाटते, पण ‘आठ तारीख’ डोक्यात राहत नाही, ‘सोमवार’ राहतो.

पाळी कोणाची हे लिहिल्याने पैसे ताईंच्या खात्यात नव्हे, ओळखीच्या बाईच्या घरात जाणार आहेत, हे डोळ्यांसमोर येते. मात्र त्या काकूंना आधी विचारायचे. घरी मोठी रक्कम येणार हे जाहीर व्हायला कुणाची हरकत असू शकते. तेव्हा ‘या वेळच्या पाळीला’ एवढेच पुरे. जिथे दरमहा नव्याने चिठ्ठी काढतात तिथे पाळी कोणाची हे आधी माहीतच नसते. तिथे ‘८ पर्यंत हप्ता न आल्यास त्या महिन्यात चिठ्ठी डब्यात पडणार नाही’ हा नियम चालतो. पण हा धाक ज्यांचा नंबर अजून लागायचा आहे त्यांनाच. ज्यांनी भिशी उचलली त्यांना त्याचे काय?

भिशी उचललेल्यांना कसे आठवण करून द्यायचे?

रखडणाऱ्या हप्त्यांचा खरा धोका इथेच आहे. ४०,००० हातात आल्यावर पुढचे हप्ते म्हणजे फेडच असते. इथे गटावरचा निरोप पुरत नाही. ८ तारखेला सकाळी, ज्यांचे आले नाही तेवढ्यांनाच, वेगळा निरोप जावा : ‘काकू, आज ८ तारीख. तुमचा हप्ता माझ्या वहीत अजून लागलेला नाही. रात्री ८ पर्यंत पाठवा. तुमच्या पाळीला सगळ्यांचे वेळेत आले होते, या वेळीही तसेच व्हावे. पाठवला असेल तर सांगा, मी तपासते.’

हा निरोप ताईंच्या नावाने, त्यांच्याच बोलीत जावा. फिलिपिन्समध्ये लघुकर्ज घेणाऱ्यांना हप्त्याचे एसएमएस पाठवून अर्थतज्ज्ञ डीन कार्लन आणि सहकाऱ्यांनी पाहणी केली होती. नुसत्या निरोपांनी फारसा फरक पडला नाही. पण ज्या कर्मचाऱ्याशी ग्राहकाचा आधी व्यवहार झाला होता त्याचे नाव निरोपात असले, तर परतफेड सुधारली. कुठून तरी उचललेला फुलांचा ‘रिमाइंडर’ फोटो पुढे ढकलण्याआधी हे लक्षात घ्यावे.

एक काळजी मात्र हवी. काही घरांत फोन एकच असतो आणि तो नवऱ्याबरोबर कामावर जातो. भिशी घरी सांगितलेली नसेल तर हा खासगी निरोप भलत्याच हाती पडतो. म्हणून भिशी सुरू करतानाच प्रत्येकीला विचारून वहीत नोंद करायची : निरोप फोनवर चालेल की दुपारी घरी येऊन सांगायचे.

थकलेल्यांची नावे गटावर टाकू नयेत. खूण मिळालेल्यांच्या नावापुढे करायची, इतके पुरते. कोण राहिले ते कळतेच, पण बोट दाखवले असे होत नाही.

दंड लावला तर?

सोपा उपाय वाटतो, पण जपून. इस्रायलमधील हैफा शहरातील पाळणाघरांत मुलांना उशिरा नेणाऱ्या पालकांना छोटा दंड लावला गेला, तेव्हा उशीर वाढला. उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिकिनी यांचा २००० साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास चांगलाच गाजला. पालकांना वाटले, पैसे भरले की उशीर चालतो. दंड काढून टाकल्यावरही उशीर कमी झाला नाही. भिशीत ५० रुपये दंड म्हणजे आठवडाभराच्या उसनवारीचे भाडेच झाले. लावायचाच तर सगळ्यांनी सुरुवातीला ठरवलेला, गटाच्या पेटीत जाणारा असावा. ताईंच्या हाती गेला की त्यांची मागणी स्वार्थाची दिसू लागते.

पैसे आले हे कशावरून मानायचे?

स्क्रीनशॉटवरून नाही. तो बनवताही येतो, आणि कधी व्यवहार अडकलेला असताना घाईत पाठवलेलाही असतो. ताईंनी स्वतःच्या खात्यात रक्कम आणि व्यवहाराचा १२ अंकी क्रमांक पाहूनच खूण करावी. पूर्वी काही जणी यूपीआयवरून थेट पैशांची मागणी पाठवत. फसवणुकीमुळे व्यक्ती-व्यक्तींमधील ही ‘कलेक्ट रिक्वेस्ट’ची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली आहे. त्यामुळे आता निरोपासोबत क्यूआर कोड देणे सोयीचे.

निरोप कुठे थांबतो?

विसरणारी आणि पैसे नसणारी यांत फरक करावा लागतो, आणि तो वहीत दिसतो. विसरणारी ८ च्या सकाळच्या निरोपानंतर तासा-दोन तासांत पैसे पाठवते. हात आखडलेली निरोप वाचते, उत्तर देत नाही. सलग तीन महिने असेच झाले तर शब्द आणखी कडक करून उपयोग नाही, दुपारी जाऊन बोलावे लागते. तिची पाळी यायची असेल तर दोघींत अर्धा-अर्धा नंबर करता येतो किंवा पाळीची अदलाबदल करता येते. तिने भिशी आधीच उचलली असेल, तर उचल देताना गटातल्या कुणाला जामीन घेतले होते का, हा प्रश्न येतो. बहुतेक गटांत तो तेव्हाच पहिल्यांदा निघतो.

भिशीचा निरोप व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर ठेवू नये, हेही आलेच. चिट फंड कायदा, १९८२ नुसार परवानगी आणि नोंदणीशिवाय चिट चालवता येत नाही. ओळखीबाहेरचे सदस्य जमवणे आणि त्यावर कमिशन घेणे सुरू झाले की घरगुती भिशी म्हणून त्याकडे पाहिले जाईलच असे नाही.

आणि सणामुळे ८ तारीख हलवायचीच असेल, तर ते आदल्या महिन्याच्या १० तारखेला, सगळ्या समोर असताना सांगावे. ५ तारखेच्या निरोपात एकदा तारीख बदलली, की पुढच्या महिन्यापासून प्रत्येक निरोपाखाली एकच प्रश्न येतो : ‘ताई, या वेळी किती तारखेपर्यंत चालेल?’